रात्री जाग आल्यावर तिला काय दिसेल? विसरायला लागलेल्या आईला घेऊन कोकणात जाताना

गुहागरच्या पहिल्या मुक्कामात रात्री पावणेतीनला कुत्रा भुंकला म्हणून मला जाग आली. शेजारची खाट रिकामी होती आणि पडवीचं दार सताड उघडं होतं. आई वाडीच्या मागच्या बेड्यापाशी उभी होती, गाऊनवर, अनवाणी, एक हात फाटकाच्या आडव्या बांबूवर. बेड्यापलीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. मला बघून म्हणाली, "काय गं, संडासातला दिवा कुणी बंद केला?"

ती भटकत नव्हती, संडास शोधत होती. डोंबिवलीच्या घरी खाटेवरून उतरून डावीकडे चार पावलं टाकली की संडास येतो आणि तिथे रात्रभर छोटा दिवा असतो. इथेही ती उतरून डावीकडेच वळली. पण इथे डावीकडे पडवीचं दार होतं, संडास उजवीकडे होता आणि त्याचा दिवा मीच झोपताना मालवला होता. शिवाय आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं. तिच्या लहानपणी संडास वाडीतच असायचा. म्हणजे दार उघडून वाडीत उतरणं तिच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. परत येताना मी खाटेपासून विहिरीपर्यंतची पावलं मोजली. बावीस भरली. विहिरीचा कठडा माझ्या गुडघ्याएवढा होता.

दुसऱ्या खेपेला मी सगळी आखणी या पावणेतीन वाजल्यापासून उलटी केली. रात्री तिला जाग आली तर तिला काय दिसेल, ती कुठल्या बाजूला वळेल, तिच्या अंगावर काय असेल, घरात कोण जागं होईल? ही उत्तरं आधी ठरवली. जागा, तारीख, गाडी हे सगळं त्यानंतर.

जायचं की नाही

इथे लिहिलंय ते स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यापुरतं. या टप्प्यात माणूस आपली आंघोळ, कपडे, जेवण स्वतः करतो. गप्पा नीट मारतो, पण तेच पुन्हा विचारतो, वार चुकतो आणि नव्या जागी गोंधळतो. घरीच रात्र-रात्र जाग असेल, राहत्या घरातही "मला घरी जायचंय" सुरू झालं असेल किंवा नजर चुकवून बाहेर पडणं होत असेल, तर मुक्कामी जाऊ नये. तिथे नवी जागा सोसत नाही. सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणता येईल एवढंच करावं.

आणि विचारायचं तिला. "आम्ही तुला नेतोय" असं सांगायचं नाही. या टप्प्यावर तिचं मत पक्कं असतं आणि ते तिला सांगताही येतं. मी आईला तीन जागा सांगितल्या. ती म्हणाली, "हरिहरेश्वरला गर्दी असते, गुहागर बरं." ठरल्यावर तिनेच कालनिर्णयवर त्या पाच तारखांना पेनाने गोल केले. मग "कधी जायचंय?" असं तिने दिवसातून आठ वेळा विचारलं तरी उत्तर भिंतीवर होतं. मी नुसतं बोट दाखवायची.

निघायच्या पंधरा दिवस आधी रंगीत तालीम करा. आम्ही आईला कल्याणला मावशीकडे एक रात्र ठेवलं. तिथे ती दोनदा उठली आणि एकदा स्वयंपाकघरात गेली. तालमीच्या रात्री गोंधळ मोठा झाला, दुसरा दिवसही विस्कटलेला गेला, तर बेत पुढे ढकलायचा. दोन चुका कळल्या तर त्या दुरुस्त करून निघता येतं.

जागा, तारीख आणि घरमालकांना करायचा फोन

एकच जागा, निदान तीन रात्री. एक रात्र वेळणेश्वर, एक रात्र गणपतीपुळे हा आपला नेहमीचा कोकणदौरा इथे चालत नाही, कारण प्रत्येक नवी खोली म्हणजे पुन्हा पहिली रात्र. आम्ही रविवारी गेलो आणि गुरुवारी परतलो. शनिवार-रविवारची मंडळी रविवारी दुपारी निघून जातात आणि घर शांत होतं.

महिना जानेवारीचा घेतला. मे महिना, गणपती, दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेर ही गर्दी टाळायचीच. पण शिमगाही टाळा. शिमग्यात पालख्या नाचतात, रात्री उशिरापर्यंत ढोल वाजतात. धडधाकट माणसाला ते सुख असतं. अर्धवट झोपेत ते ऐकणाऱ्या आईला मात्र नुसता हल्ला वाटेल. थंडीत गावोगावी जत्रा असतात, म्हणून "त्या आठवड्यात गावात काही आहे का?" हे विचारूनच तारीख पक्की करायची.

माहेरच्या घरी नेण्याचा मोह मलाही झाला होता. त्या घरात कुणी राहत असेल, चूल पेटत असेल तर जरूर न्या. आईचं घर मात्र बंद आहे आणि मागची भिंत बसलीय. ते बघितलं तर ती दर तासाला नव्याने बघितल्यासारखी हळहळेल. म्हणून त्याच तालुक्यात राहायचं, तीच भाषा, तेच जेवण, पण त्या घरापासून लांब.

घरगुती मुक्काम हॉटेलपेक्षा बरा, कारण दारं कमी आणि माणसं तीच. पण जाहिरातीतल्या फोटोंवरून काही कळत नाही. फोन करायचा आणि आडपडदा न ठेवता सांगायचं. मी असं बोलले: "काका, आईला विसरायला होतं. ती छान बोलते, कुणाला त्रास देत नाही, पण रात्री नव्या जागी गोंधळते. म्हणून थोडं खोदून विचारते, राग मानू नका." पुढचे प्रश्न असे. संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे की पडवीतून जावं लागतं? दाराला उंबरा आहे का? विहिरीला जाळी आहे का? वाडीच्या मागच्या बाजूला बेडं आहे की कुलपाचं फाटक? रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर खोलीत चालतो का? त्या दिवसांत दुसरा ग्रुप आहे का, स्पीकर लागतो का?

दोन घरांनी "काही काळजी करू नका हो, सगळं व्यवस्थित आहे" म्हणून विषय संपवला. तिथे मी बुकिंग केलं नाही. तिसऱ्या काकांनी विहिरीचं विचारताच "थांबा, बघून सांगतो" म्हटलं आणि अर्ध्या तासाने उलट फोन केला. जाळी अर्धीच होती, ते पूर्ण करून घेणार होते. तिथे पक्कं केलं.

ओळख: कागद, पण गाऊनच्या खिशातसुद्धा

ओळखीचं कार्ड पर्समध्ये ठेवतात सगळे. पण पर्स बायका बाकावर ठेवतात आणि विसरतात, आणि साडीला खिसा नसतो. पहिल्या खेपेला आईचं कार्ड पर्समध्ये होतं, पर्स खुंटीला होती आणि आई बेड्यापाशी. म्हणून आता कार्ड तीन ठिकाणी जातं. एक पर्समध्ये. दुसरं कापडी फितीवर, न पुसणाऱ्या पेनाने लिहून प्रत्येक परकराला नेफ्याच्या आतून टाचलेलं. साड्या बदलतात, परकर तेच चार असतात. तिसरं गाऊनच्या खिशात, खिशाचं तोंड दोन टाक्यांनी शिवून. माणूस हरवायची सगळ्यात मोठी भीती रात्री असते आणि रात्री अंगावर गाऊन असतो.

कार्डावर मजकूर थोडा आणि मोठ्या अक्षरात लिहायचा: नाव, "मला कधी कधी विसरायला होतं. कृपया या नंबरवर फोन करा", मग दोन मोबाइल नंबर. दोघांचेही, कारण कोकणात एकाची रेंज असते तिथे दुसऱ्याची नसते. खाली मुक्कामाच्या घरमालकांचं नाव, वाडीचं नाव आणि त्यांचा नंबर. मागच्या बाजूला रक्तगट, औषधांची नावं, काही चालत नसेल तर ते. आधार नंबर आणि डोंबिवलीचा पत्ता मुद्दाम लिहिलेला नाही. ज्याला आई सापडेल त्याला पत्त्याची गरज नसते, फोनची असते. आणि कार्ड भलत्याच्या हाती पडलं तर बंद घराचा पत्ता त्याला कशाला द्यायचा?

खरं आधार कार्ड माझ्याकडे राहतं. मुक्कामी ओळखपत्राची प्रत मागतात, तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.

कार्डावरून आई रुसली होती. "मी काय लहान पोर आहे का जत्रेत हरवायला?" बरोबर होतं तिचं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, सहलीला नेताना मुलांच्या खिशात चिठ्ठ्या तिनेच घातलेल्या. मग मी कोरी कार्डं आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही, माझंही एक लिही. तिने दोन्ही लिहिली. माझं कार्ड माझ्या पर्समध्ये अजून आहे.

बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला लावू नका. रोजच्या हातातली बांगडी नसली की ती दिवसभर शोधत राहते. त्यापलीकडचं सोनं मात्र घरीच ठेवायचं.

एक सवय फुकटची आहे आणि सगळ्यात उपयोगी: रोज सकाळी कपडे झाले की उभा, पूर्ण फोटो काढायचा, पायातल्या चपलांसकट. वेळ आली तर "कुठल्या रंगाची साडी होती?" हे आठवत बसावं लागत नाही. फोनवर लोकेशनही चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. रेंज गेली की नकाशावरचा ठिपका जुन्या जागीच थिजून बसतो.

औषधं, आणि गाडी लागू नये म्हणूनची ती गोळी

निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून सध्याच्या औषधांची यादी आणि चिठ्ठीची प्रत घ्या. औषधं ठरल्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची जास्त, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. डोनेपेझिलसारखी स्मृतिभ्रंशावरची गोळी रोज ज्या वेळेला घेतात त्याच वेळेला चालू ठेवायची, प्रवास आहे म्हणून वगळायची नाही. काही दिवस चुकली तर आपल्या मनाने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना फोन करायचा.

कोकणच्या वळणांत गाडी लागते म्हणून आपल्याकडे सर्रास एक गोळी देतात. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत प्रोमेथाझिन किंवा तशाच गटातलं औषध असतं. मेंदूत आठवणीच्या कामाला लागणारं जे रसायन डोनेपेझिल टिकवून ठेवायला बघतं, त्याचंच काम ही गोळी अडवते. वयस्कर माणसाला त्याने गुंगी येते, तोंड सुकतं, लघवी अडू शकते आणि गोंधळ एकदम वाढतो. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांचंही तेच. मग घरचे म्हणतात, "नव्या जागी गेली आणि बिघडली." गोळी सकाळी दिली होती हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आईला पूर्वी गाडी लागायची, म्हणून आम्ही घाट टाळून रेल्वे घेतली, पोट हलकं ठेवलं आणि आवळासुपारी जवळ ठेवली. ज्यांना गोळीशिवाय जमतच नाही त्यांनी कोणती चालेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

निघायच्या आधी आणखी दोन गोष्टी बघा: पोट साफ होतंय ना, आणि लघवीला जळजळ नाही ना. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि पाणी कमी पडणं, या तिन्हींनी या आजारात गोंधळ रातोरात वाढतो. कोकणच्या दमट हवेत घाम जातो आणि "सारखं जावं लागेल" म्हणून या बायका पाणी पीत नाहीत. तहान लागायची वाट बघू नका, दर दोन तासांनी अर्धा पेला हातात द्या.

गाडीत

बरोबर दोन मोठी माणसं हवीतच. दुसऱ्या खेपेला मी आणि वहिनी होतो. एक तिकीट दाखवते, हमालाशी बोलते, दुसरी फक्त आईकडे बघते. आईच्या बरोबर संडासात जाता यावं म्हणून दोघी बायका असणं सोयीचं पडलं. वडिलांना नेणार असाल तर एक पुरुष हवा.

सकाळची मांडवी एक्सप्रेस घेतली, ठाण्याहून. उजेडात बसून उजेडात उतरायचं हा नियम. रात्रीची गाडी स्वस्त पडो वा सोयीची, घ्यायची नाही. खालचं बर्थ मागून घ्यावं. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, म्हणजे तिला उठायचं असेल तर मला ओलांडूनच जावं लागतं. रेल्वेच्या डब्यात संडासाचं दार आणि बाहेरचं दार हातभर अंतरावर असतात, हा तिथला खरा धोका. संडासापर्यंत नुसतं सोडून यायचं नाही. दाराबाहेर उभं राहायचं, "कडी लावू नकोस, मी धरून उभी आहे" म्हणायचं आणि बोलत राहायचं. आतून कडी लावली आणि ती उघडायची कशी हे सुचलं नाही, तर घाबरगुंडी उडते.

एक गोष्ट मला अनपेक्षित होती. मला वाटलं होतं कोकणची वाट तिच्या ओळखीची असेल. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली. आईची वाट त्याआधीची, एसटीची. "कशेडी घाट आला का?" असं ती पनवेलपासून विचारत होती. बोगदा आला की "एवढ्यात संध्याकाळ झाली?" मग वहिनीने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: "आपण रेल्वेने चिपळूणला चाललो आहोत. घाट लागणार नाही. जेवायच्या आत पोचू." कागद आईच्या मांडीवर. प्रश्न आला की वहिनी म्हणायच्या, "आई, तुमच्या कागदावर काय लिहिलंय बघा बरं." ती चष्मा लावून वाचायची आणि पाच-दहा मिनिटं निश्चिंत व्हायची.

उतरायच्या आधी एक स्टेशन सामान दाराकडे न्यायचं, पण आईला बसूच द्यायचं. चिपळूणला गाडी थांबते थोडाच वेळ. एकीने सामान उतरवायचं, दुसरीने आईचा हात धरून उतरायचं. दोघी एकदम सामानाकडे वळल्या की घोटाळा होतो. चिपळूणहून गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर, सव्वा-दीड तास. गाडी आधीच सांगून ठेवावी, स्टँडवर घासाघीस करत आईला उन्हात उभं करू नये. निघण्याआधी स्टेशनवरच तिला लघवीला नेऊन आणा.

खोली लावणं, उजेड आहे तोवर

पोचल्यावर पहिला तास समुद्रावर नाही, खोलीवर घालवायचा. वहिनी आईला घेऊन पडवीत चहाला बसल्या आणि मी आत हे केलं.

खाट फिरवली. घरी उतरल्यावर संडास डावीकडे येतो, म्हणून इथेही तो डाव्या हाताला येईल अशी खाट वळवून घेतली. काकांच्या मुलाने एका बाजूने धरली, दोन मिनिटांचं काम. सगळ्या मुक्कामात याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. खाट जड असेल आणि हलतच नसेल, तर तिची उशी पायथ्याला टाकून उलट झोपवा आणि उतरायच्या बाजूखेरीज दुसरी बाजू भिंतीला किंवा खुर्च्यांनी बंद करा.

घरची चादर, घरची उशी, तिची गोधडी. संडासाचं दार अर्धं उघडं आणि आतला दिवा रात्रभर चालू. वीज जाते म्हणून सेलवर चालणारे, हालचाल झाली की पेटणारे दोन छोटे दिवे: एक खाटेच्या पायथ्याशी जमिनीलगत, एक संडासाच्या चौकटीपाशी. सॉकेटमध्ये लावायचा दिवा वीज गेली की नेमका त्याच वेळी विझतो. दारावर कागद: "संडास". इंग्रजी अक्षरं किंवा बाईचं चित्र नाही, तिचाच शब्द.

पडवीच्या दाराला आतून वरची कडी आणि कडीला घुंगरांची माळ. चिपळूणच्या बाजारात बैलांची घुंगरं मिळतात. दार हललं की मी उठणार. बाहेरून कुलूप कधीही घालायचं नाही. आग लागली तर काय, आणि आपण कोंडलेलो आहोत हे तिला कळलं तर ती जी घाबरेल ते वेगळंच. माझी गादी दाराशी आडवी टाकली.

मच्छरदाणी घरी वापरत नसाल तर इथेही नको. अंधारात जाळीत पाय अडकून पडायला होतं. आरशावर पंचा टाकला, कारण दिव्याच्या उजेडात कुणीतरी उभं आहे असं वाटू नये. न्हाणीघरात घरून आणलेली रबरी चटई, तिचा तांब्या आणि बादली. नळाच्या दांड्याने गार-गरम कसं होतं हे तिला कळत नाही, म्हणून पाणी आपण काढून, हात घालून बघून द्यायचं.

त्या रात्री ती दोनदा उठली. डावीकडे वळली, दिवा पेटला, जाऊन आली, झोपली. घुंगरं वाजली नाहीत.

दिवस

घरचं वेळापत्रक निघण्याआधी दोन दिवस घड्याळ बघून लिहून काढा. आपल्याला वाटतं ते आणि असतं ते वेगळं असतं. मला वाटायचं आई सहाला चहा घेते. प्रत्यक्षात ती साडेपाचला घेते, अर्धा कप, आणि सहाला पुन्हा अर्धा. काकूंना सांगून रात्रीच थर्मास भरून घेतला. सकाळी साडेसातला आंघोळ, मग पेपर. गुहागरला पेपर उशिरा यायचा, म्हणून घरून चार जुने अंक नेले होते. ती तारीख बघत नाही, शब्दकोडं सोडवते. साडेबाराला जेवण, मग झोप. जेवणात आंबोळी, कुळथाचं पिठलं, भात. कोकणात आलोय म्हणून रोज नवं काही खायला घालायचा अट्टहास नको.

बाहेर पडायचं ते दिवसातून एकदा, सकाळी नऊच्या आसपास, तासाभरासाठी. एक दिवस व्याडेश्वराचं देऊळ, एक दिवस समुद्र. गुहागरचा किनारा लांबच लांब आणि सरळ आहे, सुरूच्या रांगा सगळीकडे सारख्याच दिसतात. परतीची वाट आपल्यालाही चुकते. म्हणून एकाच वाटेने जायचं, त्याच वाटेने यायचं आणि वाटेवरच्या एका खुणेशी, आमच्याकडे निळ्या होडीशी, रोज दोन मिनिटं थांबायचं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "होडी आली, आता वळायचं." पाण्यात घोट्यापलीकडे नाही, आणि दोन्ही बाजूंनी हात धरलेला.

दिवेलागणीची वेळ सगळ्यात अवघड. उजेड उतरायला लागला की या आजारात अस्वस्थपणा वाढतो, पावलं दाराकडे वळतात, "चल, घरी जायला उशीर होतोय" सुरू होतं. त्या वेळी सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर नेणं म्हणजे नेमकी उलटी गोष्ट. आम्ही साडेपाचला आत असायचो. सहाला खोलीतले सगळे दिवे लावायचे, पडदे ओढायचे. मग तिचं रोजचं काम. घरून छोटं निरांजन, वाती आणि तुपाची डबी नेली होती. काकूंच्या परवानगीने ती तुळशीपाशी दिवा लावायची आणि शुभंकरोती म्हणायची. शब्द एकही चुकत नसे. काकूंची नात शेजारी येऊन बसायची, आणि आई तिला "हात जोड, पाठ ताठ" असं शाळेतल्या आवाजात सांगायची.

तरीही एका संध्याकाळी "घरी जायचंय" आलंच. "अगं, आपण कोकणात नाही का आलो!" असं समजावत बसलं की ती आणखी चिडते. मी विचारलं, "घरी कोण आहे आत्ता?" म्हणाली, "वडील यायचे असतील." मग वडील कुठून येत, काय आणत, हे ती सांगत बसली. ताट वाढलं तेव्हा विषय आपोआप सुटला.

दिसेनाशी झालीच तर

हे आधी बोलून ठेवायचं, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. एकाने जागेवरच थांबायचं, ती परत येऊ शकते. दुसऱ्याने खोल्या शोधत न बसता आधी विहिरीकडे आणि मग किनाऱ्याकडे जायचं, पाणी वाट बघत नाही. संडास, पडवी, स्वयंपाकघर हे थांबणाऱ्याने बघायचं. घरमालकांनी वाडीत हाका मारायच्या, रिक्षावाल्यांना आणि एसटी स्टँडवर फोन करायचा, सकाळचा फोटो पाठवायचा. जुन्या ओळखीची एसटी समोर दिसली तर ती चढून बसेल. दहा मिनिटांत सापडली नाही तर 112. "चोवीस तास थांबावं लागतं" ही निव्वळ अफवा आहे. रेल्वेत असाल तर 139, रुग्णवाहिकेला 108. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, पण ती सल्ल्यासाठी. माणूस हरवलं असताना पहिला फोन तिकडे नको. मोठ्या रुग्णालयाची गरज पडली तर चिपळूणच्या पुढे सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तिथवर जायला किती वेळ लागतो हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

परतल्यावर

घरी आल्यावर दोन दिवस आई गोंधळलेली असते. पहिल्या रात्री डोंबिवलीतही ती "काकूंना चहाचं सांगितलंस का?" म्हणाली. हे चालतं, विरतं. बॅग त्याच दिवशी रिकामी करून माळ्यावर टाका, नाहीतर बॅग दिसली की ती निघायची तयारी करते. पण एक-दोन दिवसांत एकदम झोपाळू झाली किंवा एकदम खवळली, नसलेलं काही दिसायला लागलं, सकाळी बरी आणि दुपारी ओळखेना असं झालं, तर तो प्रवासाचा शीण समजून आठवडाभर वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि लघवी, ताप, बद्धकोष्ठ आणि प्रवासात दिलेली प्रत्येक गोळी, हे सगळं त्यांना आपणहून सांगा.

घुंगरांची माळ मी आता आमच्या मुख्य दाराला लावलीय. आईला वाटतं ती शोभेची आहे.